पोर्टलने नाकारलेले ई-इन्व्हॉइस

वार्षिक उलाढाल 5 कोटी रुपयांहून अधिक असलेल्या बहुतेक व्यावसायिकांना, दुसऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला दिलेले बिल जीएसटीच्या इन्व्हॉइस नोंदणी पोर्टलवर नोंदवावे लागते. बिल स्वीकारले गेले की पोर्टल 64 अक्षरी आयआरएन आणि क्यूआर कोड देते. नाकारले गेले तर त्या बिलाची पोर्टलवर नोंदच होत नाही. त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नसते आणि चूक सुधारून तोच बिल क्रमांक पुन्हा पाठवता येतो. घाईने नवा क्रमांक टाकणे मात्र चुकीचे, कारण मग हिशेबात एकाच मालाची दोन बिले दिसू लागतात.

नकारासोबत एक कोड आणि एक वाक्य येते. कोडवरून कारण शोधता येते, पण वाक्य पूर्ण वाचणे अधिक उपयोगी, कारण नेमका कोणता रकाना अडला ते त्यातच असते. समजा, कोल्हापूरच्या कारखान्याने पणजीच्या ग्राहकाला 50,000 रुपयांचा, 18 टक्के कराचा माल विकला आणि 3039 हा कोड आला. खरेदीदाराचा पिनकोड त्याच्या राज्याशी जुळत नाही, असा त्याचा अर्थ. पाठवलेली माहिती अशी होती:

```
"BuyerDtls": { "Pos": "30",
  "Stcd": "30", "Pin": 416001 }
```

30 हा गोव्याचा राज्य कोड, 416001 हा कोल्हापूरचा पिनकोड. जुन्या ग्राहकाच्या नोंदीची नक्कल करताना पिनकोड तसाच राहिला. पणजीचा 403001 हा पिनकोड ग्राहकाच्या मूळ नोंदीतच भरायला हवा. फक्त त्या बिलात बदलला तर पुढचे बिलही अडेल. त्याच नकलेतून करही स्थानिक विक्रीचा, म्हणजे सीजीएसटी 4,500 आणि एसजीएसटी 4,500 असा आला असेल, तर तो पुढच्या खेपेला अडेल. विक्री आंतरराज्य असल्याने 9,000 रुपये आयजीएसटीच हवा. म्हणून पुन्हा पाठवण्यापूर्वी खरेदीदाराचा सगळा तपशील तपासावा.

2150 या कोडची गोष्ट वेगळी. या क्रमांकाचा आयआरएन आधीच तयार आहे, असे तो सांगतो. बहुधा पहिल्या वेळी बिल नोंदले गेलेले असते, फक्त इंटरनेट तुटल्याने उत्तर पोहोचलेले नसते. अशा वेळी पुन्हा पाठवत बसू नये. नोंदलेला आयआरएन पोर्टलवरून घ्यावा, ग्राहक आणि रक्कम ताडून पाहावी. तो तपशील दुसऱ्याच बिलाचा निघाला, तरच नवा क्रमांक द्यावा.

पोर्टल रकान्यांचा मेळ पाहते, व्यवहार खरा आहे का ते नाही. चुकीचा दर लावलेले बिलही स्वीकारले जाऊ शकते. स्वीकारलेले बिल पोर्टलवर दुरुस्त होत नाही. 24 तासांत ते पूर्ण रद्द करता येते, पण त्यावर चालू ई-वे बिल असेल तर आधी ते रद्द करावे लागते. रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. मुदत उलटल्यावर जादा आकारलेली रक्कम क्रेडिट नोटने, कमी आकारलेली डेबिट नोटने दुरुस्त करावी लागते, आणि तिचीही पोर्टलवर नोंद करावी लागते.