जुनी गाडी, नवा मालक
लेखांक ४ : एकतीस हजार किलोमीटरची किंमत

गेल्या आठवड्यात आपण गाडी चालवून कशी बघायची ते पाहिलं. आज चालवायचं काही नाही. वही, पेन आणि मोबाइलचा टॉर्च एवढंच बरोबर घ्या.

माझ्या भाचीला गाडी घ्यायची होती. दोन गाड्या पसंतीला उतरल्या. दोन्ही एकाच मॉडेलच्या पेट्रोल हॅचबॅक, इंजिन साधारण बाराशे सीसीचं, नोंदणी २०१७ ची, नंबर एमएच ०२, म्हणजे अंधेरी आरटीओचाच. पहिली आमच्या विलेपार्ले पूर्वेतली. मालक निवृत्त गृहस्थ, गाडी आठ वर्षांत एकतीस हजार किलोमीटर चाललेली, मागणी ३,९०,००० रुपये. दुसरी जोगेश्वरीची. मालक रोज तिने ऑफिसला जाणारा, अडुसष्ट हजार किलोमीटर झालेले, मागणी ३,६०,०००.

घरात एकमत होतं. पार्ल्याची घ्यायची. एका हातातली, कमी चाललेली, काकांनी जिवापाड जपलेली. तीस हजार जास्त गेले तर गेले.

काकांनी गाडी जपली होती यात शंका नाही. पण ती जपली होती म्हणजे उभी ठेवली होती. उभ्या गाडीची झीज मीटरवर दिसत नाही, ती रबरात, बॅटरीत आणि ब्रेकमध्ये होते. म्हणून मी भाचीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेलं आणि उकिडवं बसून टायर वाचायला लावले.

टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ही ओळ पूर्ण स्वरूपात टायरच्या एकाच बाजूला असू शकते, त्यामुळे बाहेर दिसली नाही तर गाडीखाली वाकून आतली बाजू बघायची. पार्ल्याच्या गाडीवर होतं १९१७, म्हणजे २०१७ चा एकोणिसावा आठवडा. चारही टायर गाडीबरोबर आलेले. स्टेपनीही तीच, ती तर जमिनीला कधी लागलेलीच नव्हती.

भाचीने खाचेत बोट घातलं. ‘नक्षी तर भरपूर आहे की.’ होतीच. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. इथे नक्षी त्यांच्या कितीतरी वर होती. पण टॉर्च तिरपा धरल्यावर टायरच्या बाजूवर, रिमपासून बोटभर अंतरावर, बारीक भेगांचं जाळं दिसलं. रबर हवेने आणि उन्हाने कडक होत जातं, गाडी चालो वा न चालो. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी बदला, असा काही टायर उत्पादकांचा सल्ला आहे. आठ वर्षांचा, भेगाळलेला टायर पावसाळ्यात द्रुतगती महामार्गावर नेण्यासारखा नसतो. चार टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून वीस हजार रुपये वहीत लिहिले.

जोगेश्वरीच्या गाडीचे टायर २०२३ चे होते आणि त्यांचं बिल मालकाने फाइलमध्ये लावलेलं होतं.

मग आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने पार्ल्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं. बॅटरी दर काही आठवड्यांनी मरायची आणि जंप देऊन चालू व्हायची, म्हणजे ती गेलेलीच. आठवडेच्या आठवडे उभी राहिल्यामुळे मागच्या ब्रेकचे सिलिंडर अडकू लागले होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. इथे ते चहाच्या रंगाचं झालं होतं. सर्व्हिस किलोमीटर भरले नाहीत म्हणून केलेली नव्हती, पण इंजिन ऑइल तारखेनेही जुनं होतं. आणि मुंबईचा खास खर्च म्हणजे उंदीर. बराच काळ उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्यांना ऊब आणि आडोसा दोन्ही मिळतं. वायरिंगच्या एका जुडग्याचं आवरण कुरतडलेलं होतं आणि एअर फिल्टरच्या डब्यात कागदाचे कपटे सापडले.

जोगेश्वरीच्या गाडीत खड्ड्यांवरून पुढून खडखड येत होती. सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड बदलायचे. क्लच मात्र नुकताच नवा टाकलेला, त्याचंही बिल हजर.

दोन्ही गाड्यांत एक गोष्ट आम्ही आवर्जून पाहिली. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला आणि एरवी आत गुंडाळलेला भाग तपासला. सीट नवं कापड घालून लपवता येते, पण पट्ट्याच्या त्या टोकाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तिथे मातीची रेघ असेल तर गाडी पाण्यात उभी राहिली होती असं समजायचं. २६ जुलै २००५ ला शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. तेवढा पाऊस सोडा, मिलन सबवे आणि अंधेरी सबवे साध्या मुसळधार पावसातही भरतात. स्टेपनीच्या खळग्यातला गंज आणि सीटखालच्या स्क्रूवरची बुरशी याच गोष्टीची साक्ष देतात. असं काही सापडलं तर हिशेब पुढे करायचाच नाही. वायरिंगमध्ये शिरलेल्या पाण्याचा खर्च आधी मोजता येत नाही. आमच्या दोन्ही गाड्या कोरड्या निघाल्या.

आता कागद. मालकी बदलण्याची सरकारी फी हलक्या खासगी वाहनाला ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २००. एवढंच. फॉर्म २९ आणि ३० भरायचे. विकणाऱ्याने त्याच राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. एजंटने मात्र आम्हाला ५,१०० रुपये सांगितले. पार्ल्याच्या काकांचं कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. ते काढायला फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र लागतं आणि ते पत्र काकांनाच आणावं लागतं. हे काम पैसे देण्याआधी पूर्ण करून घ्यावं, कारण नंतर विकणाऱ्याला त्याची घाई उरत नाही. ई-चलानची थकबाकीही तेव्हाच बघावी. दोन्ही गाड्या १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या आणि दोन्हींवर जुनीच पाटी. उच्च सुरक्षा पाटीचे ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे साधारण ८८०. प्रत्येक गाडीला मिळून सहा हजार.

विम्यात लोक दोन ठिकाणी फसतात. पहिलं, ‘पॉलिसी डिसेंबरपर्यंत आहे, विम्याचं टेन्शन नाही’ हे वाक्य. गाडी हस्तांतरित झाली की तिऱ्हाइताचं नुकसान भरून देणारा भाग कायद्याने तिच्याबरोबर येतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. तो राहिला आणि गाडी ठोकली, तर पॉलिसी एकाच्या नावावर आणि गाडी दुसऱ्याची, असा पेच पडतो आणि दावा नाकारला जातो.

दुसरं, नो क्लेम बोनस. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. काकांनी पाच वर्षं दावा केला नाही म्हणून त्यांना पन्नास टक्के सूट होती. ती सूट त्यांच्याबरोबर जाते. तेव्हा त्यांनी भरलेला हप्ता हा भाचीचा हप्ता नव्हे. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीला तिऱ्हाईत विम्याचा २०२२ पासूनचा दर ३,४१६ रुपये. स्वतःच्या नुकसानीच्या भागासाठी, बोनसशिवाय, आम्हाला सुमारे ५,६०० सांगितले. त्यावर १८ टक्के जीएसटी. दोन्ही गाड्यांना जवळपास अकरा हजार.

वहीतलं पान असं झालं.

पार्ल्याची गाडी: मागणी ३,९०,०००. टायर २०,०००, बॅटरी ४,८००, ब्रेक ५,२००, वायरिंग ६,५००, ऑइल-फिल्टरसह पूर्ण सर्व्हिस ७,५००. हे झाले ४४,०००. कागद ६,०००, विमा ११,०००. एकूण ४,५१,०००.

जोगेश्वरीची गाडी: मागणी ३,६०,०००. सस्पेन्शन ८,५००, सर्व्हिस ७,५००. कागद ६,०००, विमा ११,०००. एकूण ३,९३,०००.

तीस हजारांचा फरक अठ्ठावन्न हजारांचा झाला. भाची म्हणाली, ‘मग जोगेश्वरीचीच घेऊ.’ पण हिशेब अजून अर्धाच होता. गाडी ती चार वर्षं ठेवणार होती. त्या काळात जोगेश्वरीच्या गाडीलाही टायर लागणार, वीस हजार. लाखाच्या घरात गेलेल्या गाडीची जास्तीची दुरुस्ती मी पंधरा हजार धरली. आणि विकताना मीटर पुन्हा बोलणार. पार्ल्याच्या गाडीचे मी २,२०,००० धरले, जोगेश्वरीच्या गाडीचे १,९०,०००. पेट्रोल आणि पुढचे विम्याचे हप्ते दोन्हींना सारखेच, म्हणून सोडून दिले.

घातलेल्या रकमेतून परत येणारी रक्कम वजा करून चाराने भागलं. पार्ल्याची गाडी वर्षाला ५७,७५०, जोगेश्वरीची ५९,५००. म्हणजे जवळपास सारखीच. कमी किलोमीटरला किंमत असते, पण ती मिळते चार वर्षांनी. खर्च मात्र पहिल्याच महिन्यात करावा लागतो.

हे पान भाचीने काकांपुढे ठेवलं. घासाघीस केली नाही, फक्त टायरवरचे चार आकडे आणि मेकॅनिकची यादी दाखवली. काकांना स्वतःच्या गाडीचे टायर आठ वर्षांचे आहेत हे खरोखरच ठाऊक नव्हतं. व्यवहार ३,६२,००० वर झाला आणि बँकेचं पत्र त्यांनी स्वतः आणून दिलं.

आज ज्यांची गाडी विकाऊ आहे त्या वाचकांसाठीही एक गोष्ट. पैसे हातात आले म्हणजे गाडी सुटली असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की गाडी पुढे हातोहात विकली गेली असली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. तेव्हा नावबदलासाठी घेणाऱ्याने जेवढी घाई करायची, तेवढीच विकणाऱ्यानेही करायची. नवी आरसी हातात पडली की तिचा फोटो मागून घ्या आणि जपून ठेवा.