ज्योत खाली निळी, वर पिवळी का?

मुलांनो, आधी आमची एक चूक कबूल करतो. सातवीच्या वर्गात मेणबत्तीची ज्योत शिकवताना आम्ही अनेक वर्षे एक वाक्य सहज बोलून जात होतो : "ज्योत खाली जास्त गरम असते, म्हणून ती तिथे निळी दिसते." यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या शाळेत हे वाक्य कुणाला खटकले नाही. एके दिवशी मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या अब्बांची लोहारकामाची भट्टी आहे.

ती म्हणाली, "सर, भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं, आणि फार तापलं की पांढरं. अब्बांनी कितीही भाता मारला तरी लोखंडातून निळा उजेड निघत नाही. मग एवढ्याशा मेणबत्तीतून कसा निघेल?"

वर्ग हसला, पण आम्ही गप्प झालो. मुलीचे म्हणणे बरोबर होते. एखादी वस्तू नुसत्या उष्णतेने निळसर दिसायला हवी असेल तर ती फारच तापावी लागते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस आहे, तरी सूर्य निळा दिसत नाही. जे तारे निळसर दिसतात, ते १०,००० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त तापलेले असतात. मेणबत्तीचा सर्वात गरम भाग जेमतेम १,४०० अंशांचा. तेव्हा "गरम म्हणून निळी" हे उत्तर चुकीचे. ज्योतीचा निळा भाग खरोखरच खूप गरम असतो, पण त्याच्या निळेपणाचे कारण वेगळे आहे.

ते कारण समजण्यासाठी ज्योतीत नेमके काय जळते ते पाहू. आपल्या कापसाच्या जिल्ह्यातल्या मुलांना वाटेल की वात जळते. वात थोडीशी जळते, पण तिचे खरे काम मेण वर ओढायचे. मेण साधारण ६० अंशांना वितळते, पातळ मेण वातीतून वर चढते आणि तापून त्याची वाफ होते. ही वाफ जळते, तीच ज्योत. मेण बनलेले असते कार्बन आणि हायड्रोजन यांचे. जळायला ऑक्सिजन हवा, आणि तो येतो भोवतालच्या हवेतून.

आता ज्योतीच्या तळाशी काय होते ते बघा. तापलेले वायू हलके होऊन वर जातात आणि त्यांची जागा घ्यायला थंड, ताजी हवा चारी बाजूंनी तळाशी धावते. म्हणून तिथे मेणाच्या वाफेला ऑक्सिजन लगेच भेटतो. जळताना मेणाच्या रेणूंचे तुकडे होतात. त्यांत कार्बन आणि हायड्रोजनच्या जोड्या असतात, तशाच कार्बन आणि कार्बनच्याही. या जोड्या तयार होतात तेव्हा त्यांच्यापाशी जास्तीची ऊर्जा असते आणि ती त्या प्रकाशाच्या रूपाने टाकून देतात. प्रत्येक प्रकारच्या जोडीचा रंग ठरलेला आहे. कार्बन-हायड्रोजनची जोडी निळा-जांभळा प्रकाश देते, कार्बन-कार्बनची जोडी निळा-हिरवा. दोन्ही मिळून आपल्याला तळाचा तो मंद निळा रंग दिसतो. हा तापलेल्या लोखंडासारखा उजेड नाही. तो रासायनिक क्रियेतून थेट निघालेला प्रकाश आहे.

मग वरचा पिवळा कुठून आला? ज्योतीच्या पोटात ताजी हवा पोहोचत नाही. तिथली वाफ तापते खूप, पण जळायला ऑक्सिजन मिळत नाही. अशा वेळी ती फुटते आणि तिच्यातला कार्बन एकत्र येऊन काजळीचे अतिसूक्ष्म कण बनतात. एकेक कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. हे कण वर जाताना हजार अंशांच्या पलीकडे तापतात आणि भट्टीतल्या लोखंडासारखे पिवळे चमकू लागतात. म्हणजे त्या मुलीने सांगितलेला नियम मेणबत्तीतही लागू आहे, फक्त वरच्या भागाला. शेवटी ज्योतीच्या कडेला आणि टोकाला या कणांना हवा मिळते आणि ते जळून जातात. म्हणून चांगल्या जळणाऱ्या मेणबत्तीला धूर नसतो. वात फार लांब झाली किंवा वाऱ्याने ज्योत हलली की काही कण जळायचे राहतात आणि काळा धूर दिसतो. कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते, त्याचेही कारण हेच.

हे खरे की खोटे, ते घरीच तपासा. मोठ्या माणसाला जवळ बसवा, ओढणी आणि बाह्या सांभाळा. लांब दांड्याचा स्टीलचा चमचा कापडाने धरून ज्योतीच्या पिवळ्या भागात दोन-तीन सेकंद ठेवा. त्यावर काळा थर बसेल. तेच हे कण. आपल्या दादी-नानी दिव्यावर ताटली उपडी धरून काजळ धरत, ते याच कणांचे. आता चमचा पुसून, थंड करून, बाजूने हळूच निळ्या कडेला लावा. तिथे काजळी जवळजवळ धरणार नाही. चमचा आत घुसवू नका, ज्योत थंड पडून धूर निघतो आणि प्रयोग फसतो.

दुसरा प्रयोग याहून मजेचा. सकाळच्या तिरप्या उन्हात मेणबत्ती लावा आणि मागे पांढरा कागद धरा. "दिव्याखाली अंधार" आपण म्हणतो, इथे तर ज्योतीचीच सावली पडते! आणि जो भाग सर्वात जास्त उजळ, त्याचीच सावली सर्वात गडद. कारण तिथे ऊन अडवणारे घन कण आहेत. निळ्या भागात ते नाहीत, म्हणून त्याची तशी सावली दिसत नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळच्या सुट्टीत मायकल फॅरडे यांनी मुलांसमोर मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, त्यांत सावलीचा हा प्रयोगही होता. योगायोग असा, की फॅरडे हेही लोहाराचेच पुत्र.

आता स्वयंपाकघरात जा. गॅसच्या शेगडीची ज्योत वरपासून खालपर्यंत निळी असते, कारण बर्नरमध्ये शिरण्याआधीच गॅसमध्ये हवा मिसळलेली असते. काजळी बनायला वावच राहत नाही. पण बर्नरची छिद्रे किंवा हवेची वाट कचऱ्याने बुजली, तर ज्योत पिवळी होते आणि भांड्याचे बूड काळे पडते. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही निघू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून अम्मीला सांगा : ज्योत सतत पिवळी दिसली तर खिडकी उघडा, शेगडी बंद करा आणि बर्नर साफ करून घ्या. एक फरक मात्र ओळखा. डाळ उतू जाऊन मीठ ज्योतीत पडले तरी ती क्षणभर पिवळी होते. तो मिठातल्या सोडियमचा रंग. तो थोड्या वेळात जातो आणि भांडे काळे करत नाही.

आता आम्ही वर्गात ते जुने वाक्य बोलत नाही. ज्योतीची आकृती फळ्यावर काढली की आधी लोखंडाचे रंग विचारतो : लाल, नारिंगी, पिवळा, पांढरा. मग खडूने तळाशी निळी रेघ ओढतो आणि मुलांना विचारतो, "हा रंग त्या यादीत आहे का?"