बाराचा घोळ

‘ए. एम.’ म्हणजे मध्यान्हापूर्वी, ‘पी. एम.’ म्हणजे मध्यान्हानंतर. मग खुद्द मध्यान्ह कोणीकडे घालावा? घोळ होतो तो येथेच. समजा, हिवाळ्यात लंडनच्या मुलाने चौकला आपल्या घरी कळवले, ‘दहा तारखेस माझ्या १२ ए. एम.ला फोन करतो.’ आपण ती दुपार समजलो, तर साडेपाच तास मिळवून संध्याकाळी साडेपाचला फोनपाशी बसणार. त्याचा फोन मात्र पहाटेच वाजून गेलेला! त्याने ००:०० लिहिले असते, तर आपले ०५:३० झाले असते. १२:०० लिहिले असते, तर १७:३०. आपल्या रेल्वेचे वेळापत्रकही असेच चोवीस तासांचे असते. तारखेकडे मात्र लक्ष हवेच. शनिवारी ००:१०ची गाडी पकडायची, तर शुक्रवारी रात्रीच जेवून स्टेशन गाठावे लागते.