खोलीभाडे आणि कन्झ्युमेबल्स : जादा हप्ता कुठे भरावा?

आरोग्य विम्यात खोलीभाड्याला मर्यादा असेल, तर भाड्यातला फरकच तेवढा खिशातून जातो, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. जुन्या धाटणीच्या अनेक पॉलिसींत ही मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५ लाखांच्या पॉलिसीत दिवसाला ५,००० रुपये असते. रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली, की डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह, भूल, नर्सिंग हे खर्चही पाचास आठ या प्रमाणातच मंजूर होतात.

समजा, चार दिवसांचे बिल २,२०,००० रुपये झाले. त्यात खोलीभाडे ३२,०००, डॉक्टर व शस्त्रक्रियेचा खर्च १,२०,०००, औषधे, तपासण्या व इम्प्लांट ६०,००० आणि हातमोजे, डायपर यांसारख्या वस्तू ८,००० रुपयांच्या. भाड्यातून १२,००० कापले जातात, पण डॉक्टर व शस्त्रक्रियेच्या खर्चातून ४५,००० जातात. औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आयसीयूच्या शुल्कालाही नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयातही ती लागू होत नाही. दाव्यात अशी कपात दिसली, तर ती लेखी आक्षेप घेऊन परत मागावी.

उरलेले ८,००० रुपये कन्झ्युमेबल्सचे. विमा नियामकाच्या यादीत अशा ६८ वस्तू आहेत, ज्यांचे पैसे मूळ पॉलिसीतून सहसा मिळत नाहीत. त्यांच्यासाठी कन्झ्युमेबल्सचे जादा कव्हर घेतले की बिलातल्या प्रत्येक वस्तूचे पैसे मिळतात, असेही अनेकांना वाटते. तसे नाही. मूळ दावा मंजूर झाला तरच हे कव्हर चालते, आणि कोणत्या वस्तू धरल्या आहेत हे कंपनीगणिक बदलते. ज्या वस्तू खोलीभाड्यात किंवा शस्त्रक्रियेच्या शुल्कातच धरायच्या असतात, त्यांचे वेगळे बिल लावले असेल, तर आधी रुग्णालयाला जाब विचारायला हवा.

वरच्या उदाहरणात एकूण ६५,००० रुपये खिशातून गेले आणि त्यातले ५७,००० केवळ खोलीमुळे. म्हणून मर्यादा असलेल्या पॉलिसीत जादा हप्ता भरून खोलीभाड्याच्या मर्यादेतून सूट आधी घ्यावी, विशेषतः मोठ्या शहरातल्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांनी. मात्र पॉलिसीत मर्यादाच नसेल, तर ही सूट विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. काही सूट फक्त एकट्याच्या साध्या खोलीपर्यंतच असते. ‘कोणतीही खोली’ असे शब्द कागदावर हवेत.

कन्झ्युमेबल्सचा निर्णय हप्त्यावर ठरतो. वर्षाला काहीशे रुपये असतील, तर ज्येष्ठांसाठी आणि दीर्घ आजारात ते कव्हर उपयोगी आहे. हप्ता दोन हजारांच्या पुढे गेला, तर चार वर्षांत वरच्या उदाहरणातल्या कन्झ्युमेबल्सच्या कपातीइतके पैसे भरून होतात. त्यापेक्षा तेच पैसे विमा रक्कम वाढवण्यात घालावेत. टक्क्यांत ठरलेली खोलीभाड्याची मर्यादाही त्याबरोबर वाढते. दोन्ही कव्हर साधारणपणे पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळीच जोडता येतात.