रजेचा निरोप: कोण नाही, कधीपर्यंत नाही आणि तोवर कोण आहे

रजेवर जाताना मेलवर लावून ठेवायचा स्वयंचलित निरोप सहसा शेवटच्या संध्याकाळी, बॅग भरायच्या घाईत लिहिला जातो. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा ओळखीची, हसतमुख माणसे असतात. हा निरोप मात्र त्या काळात मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला जातो. त्यांत जुना मित्र असतो, तसा पैसे थकलेला पुरवठादारही असतो. आलेल्या मेलमध्ये काय लिहिले आहे, हे निरोपाला कळत नाही. त्यामुळे तो कोणत्याही पत्राला उत्तर म्हणून शोभेल असा लिहावा लागतो.

चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातला लेखा अधिकारी डोळ्यांसमोर आणता येईल. पुरवठादारांची बिले त्याच्याकडे येतात. 2026 मध्ये गणेश चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे आणि तो कोकणात गावी निघाला आहे. त्याने लिहिलेला निरोप असा:

> नमस्कार मंडळी! बाप्पा येतायत, सगळे घर बंद करून गावी चाललोय! तिकडे नेटवर्कची बोंब असते, त्यामुळे मेल बघेन की नाही सांगता येत नाही. फारच अर्जंट असेल तर ऑफिसात कुणालाही फोन करा, नाहीतर मला व्हॉट्सअॅप टाका. आल्यावर बोलूच. मोरया!

निरोप मनमोकळा आहे, पण पुरवठादाराच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. अधिकारी कधी गेला आणि कधी परतणार, हे त्यात नाही. ‘बघेन की नाही सांगता येत नाही’ हे वाचून पुरवठादार दोन दिवस वाट पाहतो आणि पुन्हा मेल टाकतो. ‘कुणालाही फोन करा’ म्हटल्यावर फोन स्वागतकक्षात जातो, तिथून लेखा विभागात आणि तिथून ‘साहेब रजेवर आहेत’ या उत्तरावर थांबतो. व्हॉट्सअॅपची वाट उघडी ठेवल्याने अधिकाऱ्याची रजाही त्याची राहत नाही. शिवाय घर बंद असल्याची खबर अनोळखी माणसालाही पोचते.

या काळातल्या तारखाही नाजूक आहेत. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांना जीएसटीआर-1 महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-3बी 20 तारखेपर्यंत भरायचे असते. बिलाचा क्रमांक किंवा रक्कम जुळत नसेल, तर पुरवठादाराचा मेल नेमका याच दिवसांत येतो.

निरोप नव्याने लिहिताना आधी शब्द सुधारून भागत नाही, आधी माणूस ठरवावा लागतो. पर्यायी संपर्क म्हणून ज्याचे नाव द्यायचे, त्याला विचारलेले असावे आणि तो स्वतः त्या दिवसांत कामावर असावा. गणपतीत निम्मा विभाग रजेवर असतो, तेव्हा ही दुसरी अट सहज निसटते. बिलांची नोंदवही, सामाईक फोल्डर आणि प्रलंबित प्रकरणांची यादी त्याच्या हाती असावी. त्याचा अधिकार कुठवर आहे, हेही स्पष्ट हवे. बिलाची स्थिती सांगणारा माणूस पैसे मंजूर करू शकत नसेल, तर मंजुरीसाठी दुसरे नाव द्यावे लागते. नाव आहे पण अधिकार नाही, असा संपर्क दिल्यास तक्रार फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते.

हे ठरल्यावर निरोप असा होतो:

> विषय: 11 ते 20 सप्टेंबर रजेवर, पर्यायी संपर्क
>
> नमस्कार,
>
> आपला मेल मिळाला आहे. मी शुक्रवार, 11 सप्टेंबर ते रविवार, 20 सप्टेंबर रजेवर असून सोमवार, 21 सप्टेंबरला कामावर येईन. या काळात मी मेल पाहणार नाही. हा मेल आपोआप दुसऱ्या कोणाकडे जात नाही.
>
> बिलांची नोंद आणि जीएसटी तपशिलातील फरक यांसाठी: श्रीमती अ. ब. क., लेखा विभाग, bills@example.com. कृपया बिल क्रमांक कळवावा.
>
> थकीत रकमेच्या मंजुरीसाठी: श्री. च. छ. ज., लेखा व्यवस्थापक, accounts@example.com.
>
> इतर मेलना 23 सप्टेंबरपर्यंत उत्तर देईन.

यातले सर्वांत उपयोगी वाक्य बहुधा ‘हा मेल आपोआप दुसऱ्या कोणाकडे जात नाही’ हे आहे. ते नसेल तर पाठवणारा समजतो की आपला मेल योग्य माणसाकडे पोचला आणि निश्चिंत बसतो. उत्तराची तारीख रुजू होण्याच्या दिवसानंतर दोन दिवसांची दिली आहे, कारण दहा दिवस साचलेला मेल पहिल्या सकाळी उपसून होत नाही. ‘लवकरात लवकर’ या शब्दांवर कोणाला पुढचे काम आखता येत नाही, 23 तारखेवर येते. रजेचे कारण आणि गावाचे नाव गाळल्याने कोणाचेही काही अडत नाही.

आउटलुकमध्ये, कंपनीचा मेल एक्सचेंज किंवा मायक्रोसॉफ्ट 365 वर असेल तर, संस्थेतल्या आणि बाहेरच्या लोकांसाठी दोन वेगळे निरोप ठेवता येतात. सहकाऱ्यांसाठीच्या निरोपात सणाच्या शुभेच्छा आणि मोबाइल क्रमांक चालतो. बाहेरच्या निरोपात विभागाचा सामाईक मेल पत्ता पुरतो. कारण तो निरोप फसवणूक करणाऱ्यालाही मिळू शकतो. मंजुरी देणारा कोण आणि नेहमीचा अधिकारी कधीपर्यंत नाही, हे कळले की ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे इथे भरा’ असा बनावट मेल पाठवणे सोपे होते. म्हणून पर्यायी माणसाला जाण्याआधीच सांगून ठेवावे: खातेबदलाची विनंती आली तर पुरवठादाराच्या आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची, मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नाही.

निरोप लावण्याच्या पद्धतीतही दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. जीमेलचे ‘Vacation responder’ एकाच व्यक्तीला प्रत्येक मेलमागे उत्तर देत नाही. तीच व्यक्ती पुन्हा लिहीत राहिली, तर चार दिवसांनी निरोप पुन्हा जातो. म्हणजे पहिल्याच निरोपात सगळे आले पाहिजे. दुसरी गोष्ट शेवटच्या तारखेची. ‘Last day’ रिकामे राहिले तर निरोप हाताने बंद करेपर्यंत चालूच राहतो आणि रुजू झालेला माणूस आठवडाभर रजेवरच दिसतो.

तपासणीला पाच मिनिटे लागतात. निरोप चालू करून आपल्या खासगी पत्त्यावरून कार्यालयाच्या पत्त्यावर एक मेल पाठवावा. आलेले उत्तर मोबाइलवर वाचावे, कारण बहुतेक जण ते तिथेच वाचतील. तारखेशी वार जुळतो का ते पाहावे, आणि पर्यायी संपर्काच्या पत्त्यावर मेल टाकून तो खरोखर पोचतो का, हेही पाहावे. आता काय करायचे, हे विचारण्यासाठी वाचणाऱ्याला दुसरा मेल लिहावा लागणार नसेल, तर निरोप पुरा झाला.