गळकी बादली आणि तळचं घर

समजा, एक समाज फक्त तीन घरांचा आहे. शेतमजुराच्या घरात महिन्याला ८ हजार रुपये येतात, दुकानात कामाला जाणाऱ्याच्या घरात १६ हजार आणि बँकेतल्या अधिकाऱ्याच्या घरात ६४ हजार. शेजारीच दुसरा समाज आहे. तिथे तिन्ही घरांत सारखेच, १६-१६ हजार येतात. पहिल्या समाजाची एकूण मिळकत ८८ हजार, दुसऱ्याची ४८ हजार. दोहोंपैकी चांगला समाज कोणता?

अर्थशास्त्रात या प्रश्नाची दोन ठळक उत्तरं आहेत. एक उपयुक्ततावाद्यांचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथम यांनी ते मांडलं आणि त्याचं सूत्र सगळ्यांच्या सुखाची बेरीज हे आहे. दुसऱ्या उत्तराला मॅक्सिमिन म्हणतात आणि ते जॉन रॉल्स यांच्या १९७१च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथामुळे सर्वदूर पोचलं. सगळ्यांत तळाशी कोण आहे ते पाहा आणि त्याची स्थिती ज्या व्यवस्थेत सर्वांत बरी असेल ती निवडा, एवढंच त्याचं म्हणणं. रॉल्स यांच्या नियमाने इथे निकाल लगेच लागतो. पहिल्या समाजात तळचं घर ८ हजारांवर आहे, दुसऱ्यात १६ हजारांवर, म्हणून दुसरा समाज सरस.

उपयुक्ततावाद्याला थोडं जास्त काम करावं लागतं, कारण त्याला रुपयांची नव्हे, सुखाची बेरीज करायची असते. बारावीच्या पुस्तकातला घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम इथे कामाला येतो. ८ हजारांवर जगणाऱ्याला आणखी हजार रुपये मिळाले तर महिन्याचं तेल आणि डाळ निघते. ६४ हजारवाल्याच्या घरात तेवढेच हजार आले-गेलेले कळतही नाहीत. हे गणितात बसवण्याची सर्वांत सोपी रीत अशी: मिळकत दुप्पट झाली की सुख एका पायरीने वाढतं असं धरायचं. १ हजाराला शून्य पायरी मानली तर ८ हजार म्हणजे तिसरी पायरी, १६ हजार चौथी, ६४ हजार सहावी. पहिल्या समाजाची बेरीज ३, ४ आणि ६ मिळून १३ होते. दुसऱ्याची ४, ४ आणि ४ मिळून १२. म्हणजे उपयुक्ततावादी विषम समाज निवडतो.

एवढ्यावरून उपयुक्ततावादाला श्रीमंतांचा कैवारी ठरवणं चूक होईल, आणि ही चूक फार वेळा केली जाते. ते ८८ हजार रुपये एक पैसाही न गळता तिघांत सारखे वाटता आले असते, तर प्रत्येकाच्या वाट्याला २९ हजारांहून थोडे जास्त आले असते आणि पायऱ्यांची बेरीज साडेचौदाच्या वर गेली असती. तेव्हा उपयुक्ततावाद्याने समतेलाच मत दिलं असतं. माणसं सारखी आणि वाटायची रक्कम ठरलेली असेल, तर दोन्ही विचार एकाच जागी येऊन थांबतात. आपल्या उदाहरणात ते वेगळे झाले, कारण दुसऱ्या समाजात समता आली तरी ४० हजार रुपये कुठेतरी नाहीसे झाले होते.

पैसे नाहीसे होणं ही कल्पित अडचण नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ आर्थर ओकन यांनी १९७५मध्ये त्यासाठी गळक्या बादलीची उपमा वापरली. श्रीमंताकडून गरिबाकडे पैसा न्यायचा तर तो गळक्या बादलीतूनच न्यावा लागतो. थोडा प्रशासनाच्या खर्चात जातो, थोडा करामुळे लोकांचं काम आणि गुंतवणूक कमी झाल्याने जातो. किती गळती चालवून घ्यायची, असा ओकन यांचा प्रश्न होता. आपले दोन पक्ष नेमके इथे वेगळे होतात.

पुन्हा आपल्या तीन घरांकडे येऊ. अधिकाऱ्याकडून ३२ हजार घेतले तर तो सहाव्या पायरीवरून पाचव्या पायरीवर येतो. शेतमजुराला एक पायरी चढायला फक्त ८ हजार पुरतात. म्हणजे ३२ हजारांपैकी २४ हजार वाटेत सांडले तरी बेरीज १३च राहते. पाऊण बादली रिकामी झाली तरी उपयुक्ततावाद्याचं नुकसान होत नाही, आणि त्याहून थोडं जरी कमी गळलं तरी तो होकार देतो. त्याला गरिबांची कणव नाही असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पण त्याचा होकार अमर्याद नाही. आता घरं १६, १६ आणि ३२ हजारांवर आली. दरी कमी झाली तशी गळती सोसायची तयारीही कमी झाली. पुढच्या रुपयातला निदान अर्धा खालच्याच्या हाती पडला पाहिजे, नाहीतर तो थांबेल.

मॅक्सिमिनवाल्याला वाटेत किती गळलं याची फारशी फिकीर नसते. ३२ हजारांतला एक रुपया जरी शेतमजुराच्या हाती पडला, तरी त्याच्या मते ते योग्यच झालं. मात्र म्हणून तो शंभर टक्के कर लावत नाही. कर इतका वाढवला की लोक कमवायचंच सोडून देतील, तर बादलीत काहीच येणार नाही आणि तळच्या घरालाही काही मिळणार नाही. ज्या दरावर गरिबापर्यंत पोचणारी रक्कम सर्वांत जास्त असते, तिथे तो थांबतो. रॉल्स विषमता मान्य करतात ती याच अटीवर: वरच्याची वाढती मिळकत तळच्यालाही वर उचलत असली पाहिजे.

इतकी टोकाची अट एखादा विचारी माणूस का स्वीकारेल? आपण समाजात कोणत्या घरी जन्म घेणार हे ठाऊक नसताना समाज निवडायचा आहे असं समजा, असं रॉल्स सांगतात. विशेष म्हणजे हीच युक्ती जॉन हर्सानी यांनी १९५३मध्येच वापरली होती आणि ते नेमक्या उलट टोकाला पोचले होते. हर्सानी यांचं म्हणणं, तिन्ही घरांपैकी प्रत्येकात जन्मण्याची शक्यता एकतृतीयांश धरा. मग शहाणा माणूस सरासरी सुख जास्त असलेला समाज निवडेल, म्हणजे पुन्हा बेरीजच. रॉल्स यांना ही शक्यतांची मोजणीच मान्य नाही. हा जन्मभराचा डाव आहे, तो परत खेळता येत नाही आणि हरलेल्याला उठून जाता येत नाही, म्हणून वाईटात वाईट काय होईल ते पाहूनच करार करावा, असं ते म्हणतात. रॉल्स यांचा हा मुद्दा मला खोल वाटतो. शेतमजुराच्या घरी जन्मलेल्या मुलीला ‘सरासरी चांगली होती’ असं सांगून तिचं समाधान करता येत नाही.

तरी त्या दोन टोकांच्या मधे बरीच जागा आहे, आणि ती १९७०मध्ये अँथनी अ‍ॅटकिन्सन यांनी मोजून दाखवली. त्यांनी विचारलं, या विषम समाजाइतकंच कल्याण पूर्ण समतेत मिळवायचं तर प्रत्येकाला किती मिळकत पुरेल? उत्तर आपल्याला विषमता किती बोचते यावर अवलंबून राहतं, आणि त्या बोचण्यालाच त्यांनी एक आकडा दिला. मुळीच बोचत नसेल, म्हणजे आकडा शून्य असेल, तर उत्तर साधी सरासरी, २९ हजारांच्या वर. आकडा एक असेल, म्हणजे आपली पायऱ्यांची रीत धरली, तर सुमारे २० हजार. दोन असेल तर पावणेपंधरा हजारांच्या आसपास. आकडा वाढवत अनंताकडे नेला की उत्तर ८ हजारांवर येऊन टेकतं, आणि तेच मॅक्सिमिन.

आता दुसऱ्या समाजातले १६ हजार याच्याशेजारी ठेवून पाहा. आकडा एक असताना २० हजार १६पेक्षा जास्त, म्हणून विषम समाज वर. आकडा दोन होताच पावणेपंधरा १६पेक्षा कमी, म्हणून सम समाज वर. समतेच्या बाजूने मत द्यायला रॉल्स यांच्या टोकापर्यंत जावंच लागत नाही. सुखाची बेरीज करणारा माणूसही तेच मत देऊ शकतो, फक्त मिळकतीबरोबर सुख किती वेगाने विरतं हे त्याने जरा कडक धरलं पाहिजे.

टोकावर गेल्याची किंमतही असते. ह्यू डाल्टन यांनी १९२०मध्ये एक साधी कसोटी मांडली: श्रीमंताकडून त्याच्याहून गरिबाकडे पैसा गेला आणि त्यांचा क्रम उलटला नाही, तर वाटणी सुधारली असं म्हणावं. अधिकाऱ्याचे १० हजार दुकानातल्या नोकराला द्या. ८, २६ आणि ५४ अशी घरं होतील. बेरीज करणारा खूश होतो. मॅक्सिमिनच्या लेखी मात्र काहीच घडलेलं नसतं, कारण तळचं घर ८ हजारांवरच आहे. समतेचा सर्वांत कडवा समजला जाणारा नियम मधल्या घराकडे पाहतच नाही. तसंच १६, १६, ३२ आणि १६, १६, १६ या वाटण्या त्याला सारख्याच वाटतात. यावर उपाय म्हणून तळच्या घरांत बरोबरी झाली तर त्यांच्या वरच्या घराकडे पाहायचं, अशी सुधारणा अमर्त्य सेन यांनी सुचवली. तिने हे दोन्ही दोष जातात, पण तळाच्या घराला एक रुपया जास्त मिळावा म्हणून मधलं घर कितीही खचलं तरी चालेल, हा आग्रह तसाच राहतो.

हर्सानी यांनी १९७५मध्ये याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. न्यूमोनियाचे दोन रोगी आहेत आणि औषध एकालाच पुरेल. एकाला दुसरा काही आजार नाही, दुसरा कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेत आहे. औषधाने पहिला बरा होऊन पूर्ण आयुष्य जगेल, दुसऱ्याला काही महिने मिळतील. मॅक्सिमिन अक्षरशः पाळलं तर औषध दुसऱ्याला द्यावं लागेल. रॉल्स यांचं उत्तर असं की हा नियम इस्पितळातल्या खाटेसाठी नाही, तो समाजाच्या मूळ रचनेसाठी आहे: कर, मालमत्ता, शिक्षण यांच्या व्यवस्थेसाठी. तळ म्हणजे एखादं एकटं घरही त्यांना अभिप्रेत नव्हतं. अकुशल कामगाराइतकी किंवा मध्यकाच्या निम्म्याहून कमी मिळकत असलेला सगळा वर्ग त्यांनी तळ म्हणून सुचवला होता. हे व्यवहारातही शहाणपणाचं आहे, कारण कोणत्याही पाहणीत सर्वांत कमी मिळकत सांगणारं घर त्याच महिन्यात पीक बुडालेलं असू शकतं आणि त्या एका नोंदीवर सबंध देशाचा क्रम लावता येत नाही.

उपयुक्ततावादाची दुखरी जागा सेन यांनी १९७३च्या ‘ऑन इकॉनॉमिक इनइक्वॅलिटी’ या पुस्तकात दाखवली, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. दोन माणसांत ३० हजार वाटायचे आहेत. त्यातल्या एकाला अपंगत्वामुळे त्याच पैशातून निम्मंच सुख मिळतं. बेरीज वाढवायची तर जो पैशाचं सुखात जास्त रूपांतर करतो त्यालाच जास्त द्यावं लागतं. आपली पायऱ्यांची रीत धरली तर धडधाकट माणसाला २० हजार मिळतात आणि अपंगाला १०. तो आधीच अडचणीत होता, वाटणीने त्याला आणखी मागे ढकललं. मॅक्सिमिन सुखावर लावलं तर ते अपंगाला जास्त देतं. तेच मॅक्सिमिन रुपयांवर लावलं तर १५-१५ वर थांबतं, आणि त्याच्या कुबड्या, त्याचा रिक्षाचा खर्च, त्याला लागणारी मदत यांचा हिशेब त्यातही येत नाही.