फ्रॅक्चर नाही, मग खांदा उंच का?

दुचाकी घसरते, माणूस एका कुशीवर आपटतो, उठतो आणि खांद्यावर हात ठेवून एक्स-रेच्या रांगेत बसतो. रिपोर्टवर ‘फ्रॅक्चर नाही’ असं लिहून येतं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आठ दिवसांनी सूज उतरते, आरशासमोर शर्ट काढताना लक्षात येतं की एका खांद्याच्या टोकाशी हाडाचा उंचवटा आला आहे. मग घरात वाद सुरू होतो: रिपोर्ट चुकला की डॉक्टर? बहुतेक वेळा दोन्ही चुकलेले नसतात. हाड खरोखरच मोडलेलं नसतं. तुटलेले असतात ते अस्थिबंध, आणि ते एक्स-रेत दिसत नाहीत.

गळ्याखालच्या खळीपासून बोट बाहेरच्या बाजूला सरकवत न्या. हाताला लागतं ते कॉलर बोन. हे हाड खांद्याच्या टोकाशी खवाट्याच्या वरच्या कंगोऱ्याला येऊन मिळतं. तिथल्या छोट्याशा सांध्याला डॉक्टर ‘एसी जॉइंट’ म्हणतात. त्याला धरून ठेवणारे बंध दोन पातळ्यांवर असतात. एक थर सांध्याभोवतीच गुंडाळलेला असतो. दुसरे, जास्त दणकट बंध थोडे आतल्या बाजूला, खवाट्याच्या पुढे आलेल्या कोराकॉइड नावाच्या आकड्यापासून कॉलर बोनच्या खालच्या अंगाला जातात. हाताचा सगळा भार कॉलर बोनला टांगलेला राहतो तो मुख्यतः या दुसऱ्या बंधांमुळे.

हात अंगालगत असताना खांद्याचं टोक थेट जमिनीवर आदळलं, की खवाटा खाली ढकलला जातो, कॉलर बोन मात्र जागच्या जागी राहतं आणि ताण बंधांवर येतो. आधी वरचा थर ताणतो किंवा फाटतो. मार जोराचा असेल तर खालचे बंधही जातात. मग कॉलर बोनचं टोक ‘वर आलेलं’ दिसतं. खरं तर हाड फारसं वर जात नाही, हाताच्या वजनाने खवाटा आणि खांदा खाली उतरलेला असतो. म्हणूनच कोपराखाली उशी दिली की उंचवटा कमी होतो आणि दुखणंही हलकं होतं.

हाड मोडतं तेव्हा चित्र बरंचसं वेगळं असतं. कॉलर बोनची बहुतेक फ्रॅक्चर मधल्या तिसऱ्या भागात होतात, कारण तिथे हाड बारीक असतं आणि त्याला वळण असतं. दुखणं खांद्याच्या टोकाशी नसून मान आणि टोक यांच्या अधेमध्ये असतं. सूज आणि काळंनिळं लवकर दिसतं, हात हलवला की हाडाची टोकं एकमेकांवर घासल्याचं जाणवतं. सांध्याच्या दुखापतीत माणूस नेमकं एका बोटाने ठिकाण दाखवतो. तो हात छातीवरून पलीकडच्या खांद्यावर न्यायला सांगितला तर तिथेच चमक निघते. बंध पूर्ण तुटलेले असतील तर कॉलर बोनचं टोक दाबल्यावर पेटीच्या पट्टीसारखं खाली जातं आणि सोडलं की वर येतं. ही परीक्षा डॉक्टरांनीच करावी, घरच्यांनी हौसेने दाबून बघू नये.

अडचण होते ती फ्रॅक्चर हाडाच्या बाहेरच्या टोकाशी असताना. दुखणं सांध्यावरच, उंचवटाही तसाच. बाहेरून फरक ओळखणं जवळजवळ अशक्य. आणि नेमकं हेच फ्रॅक्चर बंध तुटून हललेलं असेल तर न जुळण्याची भीती मधल्या फ्रॅक्चरपेक्षा जास्त असते. त्यामुळे ‘टोकावर दुखतंय म्हणजे सांधाच’ असं ठरवून एक्स-रे टाळणं शहाणपणाचं नाही. एक्स-रेही नीट मागावा लागतो: माणूस बसलेला किंवा उभा, हात मोकळा सोडलेला, यंत्र 10 ते 15 अंश वरच्या दिशेला कललेलं, आणि तुलनेसाठी दुसरा खांदाही. आडवं झोपवून काढलेल्या फोटोत हाताचं वजन खाली ओढत नाही, म्हणून सरकलेला सांधाही कधीकधी जागेवर असल्यासारखा दिसतो. कॉलर बोन मागच्या बाजूला सरकल्याची शंका असेल तर काखेच्या बाजूनेही एक फोटो लागतो.

समजा, पावसाळ्यात स्कूटरवरून उजव्या कुशीवर पडलेला तिशीतला एक माणूस आहे. फ्रॅक्चर नाही, टोकाशी उंचवटा आहे. कोराकॉइड आणि कॉलर बोन यांच्यातलं अंतर डाव्या बाजूला 12 मिलिमीटर, उजव्या बाजूला 17. म्हणजे अंतर जवळपास 40 टक्क्यांनी वाढलं आहे. रॉकवूड यांच्या 1984 च्या वर्गवारीत सहा प्रकार आहेत. पहिल्यात सांधा जागेवरच असतो, दुसऱ्यात हे अंतर 25 टक्क्यांपर्यंत वाढतं, तिसऱ्यात 25 ते 100 टक्के. पुढचे तीन प्रकार, म्हणजे हाड मागे घुसलेलं, फार वर गेलेलं किंवा खाली अडकलेलं, विरळ असतात आणि त्यांत सहसा ऑपरेशन करावं लागतं. आपला माणूस तिसऱ्या प्रकारात बसतो, आणि खरी चर्चा याच प्रकाराबद्दल होते.

2015 मध्ये कॅनडातल्या शस्त्रक्रियातज्ज्ञांच्या एका गटाने सांधा पूर्ण निखळलेल्या रुग्णांमध्ये हुक असलेली प्लेट बसवणं आणि नुसती झोळी यांची तुलना प्रसिद्ध केली. प्लेट बसवलेल्यांचा खांदा झोळीवाल्यांपेक्षा जास्त चांगला चालतो, असं आढळलं नाही. सुरुवातीच्या महिन्यांत तर झोळीवालेच बरे होते. शिवाय ही प्लेट पुढे काढावीच लागते, म्हणजे दुसरं ऑपरेशन आलंच. म्हणून तिसऱ्या प्रकारात आधी झोळी हेच बहुतेकांसाठी योग्य, असं मला वाटतं. रोज डोक्यावर ओझं उचलणारा मजूर किंवा हात वर करून काम करणारा रंगारी असेल तर मात्र ऑपरेशनचा विचार वेगळा करावा लागतो.

झोळी दोन-तीन आठवडे, तीसुद्धा दुखणं असेपर्यंतच. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे. दुखणं ओसरलं की हात लोंबता ठेवून हलके झोके, मग भिंतीवर बोटं चढवणं. जड उचलणं सहा आठवडे बंद, कुस्ती-कबड्डी साधारण तीन महिन्यांनी. उंचवटा मात्र कायम राहतो, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं बरं. मधल्या फ्रॅक्चरलाही झोळीच पुरते, आठच्या आकाराच्या पट्ट्याने फार फरक पडत नाही. तिथे हाड जुळायला मोठ्या माणसाला सहा ते बारा आठवडे लागतात आणि जुळल्याचं एक्स-रेत दिसतं.

चोळणं आणि ‘बसवून’ घेणं मात्र नको. सांधा दाबून जागेवर येतो, पण धरून ठेवणारे बंधच तुटलेले असल्याने हात सोडताच पुन्हा सरकतो. फ्रॅक्चर असेल तर टोकं आणखी हलतात. बोटं बधिर झाली, हात गार किंवा फिका पडला, श्वास घेताना त्रास झाला किंवा हाडाच्या टोकावरची कातडी ताणून पांढरी पडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

तीन-चार महिने व्यायाम करूनही हात वर नेताना दुखत असेल, तर तेव्हाही बंध नव्याने बांधून घेता येतात, बहुधा रुग्णाच्याच पायातला स्नायुबंध वापरून. काहींना वर्षांनी सांधा झिजून त्याच ठिकाणी दुखायला लागतं, विशेषतः त्या कुशीवर झोपल्यावर. गोळ्या-इंजेक्शनने भागलं नाही तर कॉलर बोनच्या टोकाचा काही मिलिमीटरचा तुकडा दुर्बिणीतून काढतात.